धागा : ओमी, सोहमदादा आणि बाटलीची झाकणं – बालगोष्टीचा मधला भाग हवाय

पिंपळपान

मंडळी, एका दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी ही गोष्ट लिहितोय. वाचक दुसरी-तिसरीतले, म्हणजे वाक्यं छोटी, जोडाक्षरं बेताची आणि एकूण मजकूर साधारण ६०० शब्द. धाकटा ओमी ७ वर्षांचा, थोरला सोहम १० वर्षांचा. सोहमला ऑटिझम आहे. घर करी रोडला, चाळीतली एक खोली, बाहेर सगळ्यांची मिळून गॅलरी. गॅलरीतून रूळ दिसतात. सोहम स्वतःहून फार कमी बोलतो, पण लोकलमधल्या घोषणा हुबेहूब म्हणतो.

ऑटिझम थोरल्याला आणि गोष्ट सांगणारा धाकटा, हे मुद्दाम ठेवलंय. दादाने आपल्याला खेळात घ्यावं असं धाकट्याला वाटतंच. शिवाय आजारी भावंडाला सांभाळणाऱ्या शहाण्या बाळाचा साचाही टळतो. सुरुवात अशी आहे :

«आमच्या घरात एक गाडी आहे. ती पलंगाखाली राहते.

गाडीला बारा डबे आहेत. डबे म्हणजे पाण्याच्या बाटलीची झाकणं. सगळी निळी.

गाडी सोहमदादाची आहे. तो पालथा झोपतो. गाल लादीला लावतो. एक डोळा मिटतो. मग गाडी लावतो. एक झाकण. दुसरं झाकण. तिसरं. मधे फट नको.

बारावं झाकण लागलं की दादा म्हणतो, “पुढील स्टेशन, दादर.” अगदी गाडीतल्या बाईसारखं.

वेदू त्याच्या दादाशी कॅरम खेळतो. मी म्हणालो, “दादा, चल ना, कॅरम खेळू.”

दादा म्हणाला, “पुढील स्टेशन, दादर.”

मी त्याचा हात ओढला. त्याने सोडवून घेतला. मग मी गाडीतलं एक झाकण उचललं. दादा ओरडला. कानांवर हात ठेवून खूप ओरडला.»

यानंतर आई ओमीला जवळ घेऊन समजावते, ओमी दादाला एक झाकण देतो आणि दोघं खेळायला लागतात. इथे गोष्ट उडी मारते. सात वर्षांच्या पोराने नेमकं काय केलं म्हणजे असा दादा त्याला खेळात येऊ देईल? हालचालींसकट पायऱ्या हव्या आहेत. कुठलं वाक्य खोटं वाटतंय तेही सांगा.

आनंदीआनंद

छान विषय. माझं मत असं की सगळ्यात आधी नजरेला नजर यायला हवी. ओमीने समोर बसावं, सगळी झाकणं स्वतःकडे घ्यावीत आणि दादाने बघितलं किंवा ‘दे’ म्हटलं की एकेक द्यावं. बऱ्याच वर्गांत असंच करून घेतात, त्यातून मागणं आणि आळीपाळी दोन्ही येतं. आणि रांगा लावणं गोष्टीत हळूहळू कमी होताना दाखवा, नाहीतर मूल त्यातच अडकून पडतं.

दोरीउडी

लहान मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपीचं काम करते, तेव्हा थोडं लांबण लागेल.

आधी सोहम काय करतोय ते नीट बघू. गाल लादीला, एक डोळा मिटलेला. त्या उंचीवरून बघितलं तर झाकणं ही झाकणं राहत नाहीत, फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की गाडी जशी दूरवर निमुळती होत गेलेली दिसते तशी ती रांग दिसते. उभ्या ओमीला यातलं काहीच दिसत नाही. म्हणून ओमीची पहिली हालचाल झाकणाला हात लावण्याची नाहीच, खाली झोपण्याची आहे. समोर नाही, शेजारी, हातभर अंतर सोडून, दोघांची तोंडं एकाच दिशेला. समोर बसला की तो गाडीच्या वाटेत येतो. शिवाय सोहमला एकाच वेळी गाडीही बघायची आणि माणसाचा चेहराही सांभाळायचा, असं दुहेरी काम होतं. त्यात खेळ सुटतो.

दुसरं, ओमीकडे स्वतःची झाकणं हवीत. चार-पाच पुरेत, पण तशीच. सोहमने एक लावलं की ओमीने आपल्या रांगेत एक लावायचं. सोहमने थांबलं की थांबायचं. तोंड बंद. ‘दादा, हे काय आहे? दादा, बघ ना, माझी पण गाडी!’ हे मोठी माणसंसुद्धा करतात आणि तिथेच बिनसतं. प्रत्येक प्रश्नाबरोबर सोहमला हातातलं सोडून उत्तर शोधत बसावं लागतं. घोषणेचीही नक्कल लगेच नको. ती त्याची जागा आहे. सुरुवातीलाच कुणी त्याच्या आवाजात बोलायला लागलं तर चिडवल्यासारखं होतं, आणि शाळेत बहुधा चिडवतही असतील.

जमतंय की नाही हे कसं कळणार? सोहम ओमीच्या चेहऱ्याकडे बघेल अशी वाट बघू नका. तो हाताकडे बघेल. एक झाकण लावेल, थांबेल, तिरक्या नजरेने ओमीचा हात हलतोय का ते बघेल. मग पुढचं जरा मुद्दाम लावेल आणि परत बघेल. इथे त्याला कळलेलं असतं की हा माझ्यामागून करतोय. माझ्या मते तुमच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच आहे. उलट्या खुणाही गोष्टीत याव्यात : खांदे ताठ होणं, पाठ वळवणं, हाताचा आडोसा करून झाकणं जवळ ओढणं, गुणगुणण्याचा आवाज चढत जाणं. असं दिसलं की वीतभर मागे सरकायचं आणि गप्प पडून राहायचं.

आनंदीआनंद, एकेक झाकण पुरवणं ही चांगली पायरी आहे, पण अडवून धरणं नाही. झाकण सोहमच्या हाताजवळ ठेवायचं आणि हात मागे घ्यायचा, म्हणजे ओमी झाकणं आणून देणारा होतो. सगळी झाकणं मुठीत धरून ‘बघ, मग देतो’ म्हटलं तर सोहमच्या दृष्टीने ओमी हा झाकणं पळवणारा, आणि पहिल्या दिवशी त्याने एक पळवलेलं आहेच. आणि रांग मोडायची कशासाठी? तोच तर खेळ आहे. ती मोडली तर ओमी शिरणार कशात?

आणखी एक. तुमच्या मसुद्यात वेळ दिलेली नाही, ती द्या. शाळेतून आल्या आल्या नको. दिवसभराचा गोंगाट सोसून आल्यावर ती रांग म्हणजे त्याचा विसावा असतो. चहा-खाणं झाल्यावर ठेवा. गॅसवर कुकर नको, एका खोलीच्या घरात शिट्टी कानाशीच होते. नेमकी तेव्हा झाली तर सोहम कान झाकेल आणि ओमीला वाटेल, मी काहीतरी केलं.

करीरोडकर

थेरपीतलं मला काही कळत नाही, गाडीतलं कळतं. बारा डबे बरोबर. पण ‘पुढील स्टेशन, दादर’ चूक. सीएसएमटीकडून येताना भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ आणि मग दादर. करी रोडला बसलेला माणूस पुढचं स्टेशन परळ ऐकणार. दादर ऐकायचं तर गाडी फास्ट हवी, भायखळ्याहून थेट दादर. आणि फास्ट गाडी करी रोडला थांबतच नाही, तिथे फलाट फक्त स्लो मार्गाला आहेत.

पिंपळपान

करीरोडकर, ही चूक नाही, लॉटरी आहे! म्हणजे सोहमची गाडी पहिल्यापासून फास्ट आहे आणि ते फक्त सोहमला माहीत आहे. ओमीला वाटतं, दादा काहीतरी बडबडतोय. प्रत्यक्षात दादा नेमकं बोलतोय.

करीरोडकर

मग आणखी एक घ्या. सगळ्या गाड्या बारा डब्यांच्या नसतात. मध्य रेल्वेवर २०१२ पासून पंधरा डब्यांच्याही आहेत, त्या फास्ट मार्गाने जातात आणि करी रोडवरून न थांबता धडधडत निघून जातात. गॅलरीतून दिसतील. तेरा किंवा चौदा डब्यांची लोकल मात्र पोरांना दिसणार नाही.

दोरीउडी

वा! हे वापराच. ओमी आपलं एक झाकण प्रेमाने दादाच्या गाडीला लावणार, तेरावं. सोहम ते काढून टाकणार. खऱ्या घरांत इथेच गाडं अडतं. लहान भावंडाला वाटतं, दादाला मी नको आहे. सोहमला नको आहे तो तेरावा डबा, कारण तेरा डब्यांची गाडी नसते. वाचणाऱ्या मुलाला हा फरक कुणी भाषण न देता कळला तर अर्धी लढाई जिंकली.

मीराची आई

मी इथे नवीन आहे. माझी मुलगी ४ वर्षांची. तीही खेळणी, चपला, बटाटे सगळं रांगेत लावते. हाक मारली तर बऱ्याचदा वळत नाही. शब्द थोडेच आहेत. हा धागा वाचून छातीत धस्स झालं. झाकणांचा खेळ घेऊ का तिच्याशी? घरचे म्हणतात, शाळेत गेली की बोलेल.

दोरीउडी

मीराची आई, हा धागा गोष्टीचा आहे, तरी थोडक्यात सांगते. नुसत्या रांगेवरून काही ठरत नाही, या वयात कितीतरी मुलं रांगा लावतात. पण हाकेला न वळणं आणि शब्द कमी असणं यासाठी शाळेची वाट बघत थांबू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या, कमी ऐकू येत असेल तरी मूल असंच वागतं. सोबतच मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर गाठा. लहान मुलांसाठीचं परळचं वाडिया तुम्हाला जवळ असेल तर तिथे चौकशी करा. जाताना एक कागद न्या : कुठले शब्द बोलते, हवं ते कसं मागते, कुणाच्या हाकेला वळते. मोबाइलवर दोन मिनिटांचा तिच्या खेळाचा व्हिडिओही ठेवा, दवाखान्यात मुलं घरच्यासारखी खेळत नाहीत. शेजारी बसून तिच्यासारखंच खेळायला काहीच हरकत नाही, ते उद्यापासून करा. फक्त घरात तिच्याहून लहान बाळ असेल तर झाकणं नकोत, घशात अडकतात.

मीराची आई

आभार. कानांचं कुणी सांगितलंच नव्हतं. व्हिडिओ काढते.

निळा_डबा

मी ऑटिस्टिक आहे. मसुदा वाचला. तीन गोष्टी.

ओमीने झाकण उचललं, ते त्याचं नव्हतं. कुणी माझी वस्तू न विचारता उचलली तर मीही ओरडेन. तुमच्या मसुद्यात सोहमच्या ओरडण्यानंतर आई ओमीला समजावते. झाकण परत कोण ठेवतं? ते आधी जागेवर ठेवा, त्याच जागी, पाचवं असेल तर पाचवं.

‘दोघं खेळायला लागतात’ हे वाक्य काढा. सोहम पहिल्या ओळीपासून खेळतोय. खेळता येत नाहीये ते ओमीला.

शेवटी मिठी, डोळ्यांत पाणी, सोहमने पहिल्यांदाच भावाचं नाव घेणं, यातलं काही आणलंत तर मी गोष्ट वाचणार नाही.

पिंपळपान

तिन्ही मान्य. मिठी नव्हतीच, नाव घेणं मात्र डोक्यात होतं, ते गेलं. आईचं काय करू? तिने काही सांगायचंच नाही का?

निळा_डबा

एक वाक्य. ‘ऑटिझम म्हणजे’ने सुरू होणारं नको.

दोरीउडी

मी आईला प्रश्न देईन. झाकण जागेवर ठेवून झाल्यावर ती ओमीला विचारते, “तुला दादाच्या खेळात यायचंय की दादाला तुझ्या खेळात न्यायचंय?” ऑटिझम हा शब्द मात्र गोष्टीत एकदा तरी यावा, साधेपणाने. अशा घरातली मुलं तो शब्द दवाखान्यात, शेजारच्या काकूंच्या कुजबुजीत ऐकतातच. छापलेला आणि न घाबरवणारा कुठेतरी बघू दे.

आनंदीआनंद

हे सगळं पटतंय, पण एक शंका. सगळं ओमीनेच करायचं का? खाली झोपा, गप्प बसा, मागे सरका. सात वर्षांचा आहे तो. वाचणाऱ्या धाकट्याला वाटेल की दादाचं सगळं सांभाळणं हेच माझं काम. आळीपाळी कधी येणार? आयुष्यात लागतेच ना.

दोरीउडी

हा मुद्दा बिनतोड आहे. भावंडांवर नकळत फार ओझं टाकलं जातं. म्हणून ओमीला राग येऊ द्या, रडू द्या, मधेच उठून जाऊ द्या. त्याला वेदूशी कॅरम खेळायला जायचं असेल तर जाऊ द्या आणि त्याचं आईने वाईट वाटून घेऊ नये. आळीपाळीबद्दल : पंधराव्या डब्यापर्यंत पोचायला तीन झाकणं लागतात. दोन दादा लावतो, एक ओमी. तीनच पाळ्या आहेत आणि शेवट कुठे आहे हे दोघांना दिसतंय. कॅरम सोहमला जड जातो तो याचसाठी. आपली पाळी कधी येणार आणि डाव कधी संपणार, दोन्हीचा पत्ता नसतो. वर स्ट्रायकरचा खटखटाट.

निळा_डबा

पंधरावा ओमीने लावायचा, हे सोहम ठरवणार की तुम्ही?

दोरीउडी

सोहम. तो ते झाकण ओमीकडे सरकवेल. हाताकडे बघणं, थांबणं, इतकं घडून गेल्यावर असं होऊ शकतं. नेहमी होईल असं मी म्हणणार नाही.

निळा_डबा

होऊ शकतं. पण गोष्टींमध्ये नेहमीच होतं. सोहमने तिन्ही झाकणं स्वतः लावली आणि ओमीला ते बघायलाही मजा आली, तरी तो सोबतचा खेळच झाला. सोहमने काहीतरी परत दिलं तरच तो पास, असा हिशोब मला नको.

दोरीउडी

आणि ओमीला रोज रिकाम्या हाताने उठायला लावणारी गोष्ट मला नको. इथे आपलं जुळणार नाही, लेखकाने ठरवावं.

उभादांडा

मासिकाची पानं लावायचं काम करतो, म्हणून चित्रांचं बोलतो. वरून काढलेलं चित्र एकच ठेवा, सुरुवातीचं, ओमी उभा असतानाचं. त्यात झाकणं गोल आणि क्षुल्लक दिसू देत. ओमी खाली झोपला की चित्रकारानेही लादीला गाल लावून काढावं. नजर बदलली हे शब्दांत लिहायची गरज उरणार नाही.

झाकणं खऱ्या मापात छापता येतील. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सेंटीमीटरचं. अंक ए-४ असेल तर उघडलेली जोडपानं ४२ सेंटीमीटर रुंद. बारा झाकणं म्हणजे ३६. दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर सोडून मधोमध बसतात आणि पिनेची घडी बरोबर सहाव्या-सातव्या झाकणाच्या मधे येते, एकही झाकण घडीत चिरडत नाही. पंधरा झाकणं ४५ सेंटीमीटर. ती मावत नाहीत. चौदा मावतात आणि पंधराव्यासाठी पान उलटावं लागतं. पोरं खरी झाकणं आणून पानावर मांडून बघतील.

पिंपळपान

उभादांडा, पान उलटायची कल्पना उचलली. सगळ्यांचं ऐकून मधला भाग पुन्हा लिहिला. पंधराव्या झाकणाबाबत सध्या दोरीउडींच्या बाजूने गेलोय, पण पक्कं नाही.

«आईने झाकण उचललं. पाचव्या जागी परत ठेवलं. दादा हळूहळू शांत झाला.

“दादा माझ्याशी खेळतच नाही,” मी म्हणालो. “त्याला ऑटिझम आहे म्हणून ना?”

“ऑटिझम आहे. आणि तो खेळतोच आहे,” आई म्हणाली. “तुला त्याच्या खेळात यायचंय की त्याला तुझ्या खेळात न्यायचंय?”

मी काही बोललो नाही. मी वेदूकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. दादा पलंगाखाली गेला. मीपण गेलो. त्याच्या शेजारी पालथा झोपलो. लादी गार होती. मी गाल टेकवला. एक डोळा मिटला.

अरे! झाकणं कुठे गेली? समोर गाडी उभी होती. लांबच लांब!

माझ्याकडे चार झाकणं होती. निळीच. दादाने गाडी मोडली आणि पुन्हा लावायला घेतली. त्याने एक लावलं. मी माझं एक लावलं. त्याने दुसरं लावलं. मीपण दुसरं लावलं.

दादा थांबला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग तिसरं लावलं. पुन्हा माझ्या हाताकडे बघितलं.

मी तिसरं लावलं.

दादाची गाडी झाली. बारा डबे. “पुढील स्टेशन, दादर,” दादा म्हणाला.

मला वाटलं, दादाला एक डबा देऊ. मी त्याच्या गाडीला माझं झाकण लावलं.

टिक! दादाने टिचकी मारून उडवलं.

मी पुन्हा लावलं. टिक!

मला रडू आलं. रागही आला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

खालून गाडी चालली होती. मी डबे मोजले. बारा. दुसरी आली. बारा. तेरा डब्यांची गाडी आलीच नाही.

मग एक गाडी धाडधाड आली. ती थांबलीच नाही. दहा, अकरा, बारा... तेरा, चौदा, पंधरा!

मी पळत आत आलो. पुन्हा पालथा झोपलो. तीन झाकणं दादाच्या हाताजवळ ठेवली. गाडीला लावली नाहीत. हात मागे घेतला.

दादाने तेरावं लावलं. चौदावं लावलं. मग थांबला. पंधरावं त्याने माझ्याकडे सरकवलं.

(पान उलटायचं)

मी लावलं. मधे फट ठेवली नाही.

“पुढील स्टेशन, परळ!” मी म्हणालो.

“दादर,” दादा म्हणाला.

बरोबर आहे. फास्ट गाडी परळला कशी थांबेल?»

करीरोडकर

रेल्वे चोख. धावत्या गाडीचे डबे पोराला मोजता येतील का, अशी शंका कुणी काढायच्या आत सांगतो : डबा साधारण २० मीटरचा. गाडी ताशी ६० किलोमीटरने गेली तर एक डबा सव्वा सेकंदात पुढे सरकतो. बोट हलवत मोजता येतात. पंधरा डब्यांची ३०० मीटरची गाडी, जेमतेम १८ सेकंद.

दोरीउडी

“दादर” ही चूक सुधारणं मला सगळ्यात आवडलं. सोहमने ओमीचं ऐकलं, त्यातलं चुकलेलं पकडलं आणि उत्तर दिलं. घोषणेतलाच शब्द, पण आता तो ओमीसाठी वापरलाय. ‘दादा नुसतं पाठ केलेलं बोलतो’ म्हणणाऱ्या मोठ्यांनीही हे वाचावं.

एक सुधारणा. टिचकीनंतर ओमी ते तेरावं झाकण पुन्हा लावतो, तिथे सोहमच्या अंगात काहीतरी दिसू दे. ‘दादाने हात आडवा धरला’ एवढं पुरे. म्हणजे तिसऱ्यांदा लावलं असतं तर काय झालं असतं, हे मुलांना कळेल.

आनंदीआनंद

आता पटलं. तरी मला वाटतं, सोहमने एकदा तरी ओमीकडे बघायला हवं होतं.

निळा_डबा

बघितलं की. हाताकडे.

पंधराव्याबद्दल माझं मत तेच आहे. बाकी ठीक. गाडी मोडून पुन्हा लावायला घेतली ते सोहमने स्वतः मोडली, हे बरं केलंत.

उभादांडा

एक अडचण आहे. सगळी झाकणं निळी, तर कुठली ओमीची आणि कुठली दादाची हे चित्रात कळणार कसं? चित्रकार विचारतोय, ओमीची लाल केली तर? पंधरा डब्यांच्या चित्रात शेवटची तीन लाल, लगेच उठून दिसतील.

दोरीउडी

जो मुलगा तेरावा डबा चालवून घेत नाही तो लाल झाकण निळ्या गाडीत मुकाट्याने घेईल? मला शंका आहे. वर मी ‘तशीच’ म्हटलं होतं ते याचसाठी.

करीरोडकर

अगदी सगळे डबे सारखेच असतात असंही नाही हं. फर्स्ट क्लासच्या डब्यावर तिरपे पट्टे असतात. पण शेवटचे तिन्ही लागोपाठ फर्स्ट क्लास नसतात, ते नाही चालणार.

पिंपळपान

निळ्या झाकणांवर ओमीने पेनाने काहीतरी खूण केलेली असली तर?

निळा_डबा

खूण केलेलं झाकण हे वेगळं झाकण. तुम्हाला ती रेघ बारीक वाटते, मला आधी तीच दिसते.

लाल ठेवायचंच असेल तर लपवू नका, गोष्टीतच घ्या. ओमी पहिल्यांदा सरबताच्या बाटलीचं लाल झाकण पुढे करतो. सोहम ते उचलून बाजूला ठेवतो. उडवत नाही, नुसतं बाजूला ठेवतो. ओमी खाली दुकानात जाऊन निळं मागून आणतो. चित्रकाराला त्याचं लाल मिळालं, सोहमला त्याची गाडी.

उभादांडा

चालेल, लाल झाकण चित्रात लादीवर एकटं पडलेलं दाखवता येईल. पण यात चार वाक्यं वाढतात आणि चारच पानं मिळणार आहेत, त्यातलं अर्धं शीर्षकात गेलंय. वेदूचं कापायचं की गॅलरीतली दुसरी गाडी, ते सोमवारपर्यंत सांगा.

पिंपळपान

वेदू राहू दे, ओमीला उठून जायला तेवढीच जागा आहे. गॅलरीतली दुसरी गाडी कापा. करीरोडकर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

करीरोडकर

रागावलोय. पण पंधरावालीला हात लावू नका म्हणजे झालं.